औषधाचे बिल : कर पोटातला की पाठीवरचा?

औषधाच्या बिलावर ठळक छापलेली सूट पाहून ग्राहक खूश होतो आणि बेरीज तपासत नाही. माझ्या मते तपासायची ती बेरीजच.

समजा, १५ गोळ्यांच्या पट्टीवर कमाल किरकोळ किंमत १५७.५० रुपये छापली आहे व आपण १० गोळ्या घेतल्या. गोळीला साडेदहा रुपये, म्हणजे दहांचे १०५. दहा टक्के सूट वजा जाता ९४.५० उरतात. द्यायचे ते एवढेच.

छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५ टक्के जीएसटी आहे. ९४.५० ला १.०५ ने भागा : ९० रुपये मूळ किंमत आणि ४.५० कर, केंद्राचा व राज्याचा प्रत्येकी २.२५. बिलात हे आकडे वेगळे दिसले तरी ते ९४.५० च्या पोटातलेच.

पूर्णांकासाठी ९५ केले असतील तर तक्रार नको. पण एकूण ९९.२३ असेल, तर कर पुन्हा चढवला आहे आणि सूट निम्मी गिळली आहे. असे बिल तिथेच दुरुस्त करून घ्यावे.