भन्सारची पावती म्हणजे विमा नव्हे!

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण येत्या सुट्टीत गाडी घेऊन नेपाळला निघणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं शिरूर-दौंड पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक नवीन पद्धत पडलीय. चार मित्र किंवा दोन कुटुंबं एक गाडी काढतात आणि रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेऊन थेट पशुपतिनाथ गाठतात. निघताना नारळ फुटतो, एखादे पुढारी भगवा झेंडा दाखवतात, बॅनर लागतो, फोटो येतात. मीही अशा बातम्या दिल्यात. आज सरळ कबूल करतो, त्यातल्या एकाही बातमीत मी गाडीच्या कागदांबद्दल एक ओळ लिहिली नाही. त्याची लाज वाटावी असा प्रसंग मागच्या वर्षी घडला.

दौंड तालुक्यातलं एक ओळखीचं कुटुंब. सात सीटची घरची गाडी, फुल इन्शुरन्स, हप्ता वेळेवर भरलेला. सुनौलीची सीमा ओलांडली, पलीकडं बेलहियाला भन्सार कार्यालयात आरसी आणि लायसन्स दाखवलं, जेवढे दिवस राहायचं तेवढ्या दिवसांचे पैसे भरले, पावती घेतली. वाहतूक परवानाही काढला. कुणी अडवलं नाही. बुटवल सोडून नारायणघाटच्या दिशेनं जाताना खोदलेल्या रस्त्यावर समोरून मोटारसायकल आली. धडक बसली, गाडी कडेच्या दगडांवर गेली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. जीव वाचले, ही पांडुरंगाची कृपा.

पोलिसांनी गाडी ठाण्यात लावली. जखमीच्या घरच्यांशी तडजोड होईपर्यंत चार दिवस हे लोक तिथं अडकले. गावाकडून पैसे मागवून भरपाई दिली. गाडी ओढून भारतात आणली, दुरुस्तीचं बिल सव्वादोन लाखांच्या पुढं गेलं. विमा कंपनीकडं क्लेम टाकला, तर उत्तर आलं, अपघात पॉलिसीच्या क्षेत्राबाहेर झाला, क्लेम नामंजूर.

घरातला कर्ता माणूस माझ्याकडं आला तो तावातावानंच. म्हणाला, "भाऊ, कंपनीनं फसवलं, पेपरात द्या." मी पॉलिसी मागितली. पहिल्याच पानावर, गाडी नंबर आणि इंजिन नंबरच्या आसपास, एक ओळ होती. जिओग्राफिकल एरिया, आणि पुढं एकच शब्द, इंडिया. कंपनीनं फसवलं नव्हतं. पण त्या माणसाला खरं सांगितलंही कुणी नव्हतं. माझा राग आहे तो इथं.

आता नीट समजून घ्या. भन्सार म्हणजे नेपाळचं कस्टम. तुमची गाडी काही दिवसांसाठी त्यांच्या देशात येते आणि परत जाते, ती तिथं विकली जाणार नाही, एवढ्याचीच ती पावती असते. म्हणून तिच्यावर दिवस मोजलेले असतात, म्हणून नेपाळी वर्षात भारतीय गाडीला एकूण तीस दिवसांचीच मुभा आहे. त्या पावतीनं नेपाळ सरकारचा महसूल सांभाळला जातो. तुमच्या गाडीचा आणि धडक बसलेल्या माणसाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

लांबच्या देशांत हेच काम कार्नेट करतं. मुंबईहून लंडनला गाडीनं जाणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो गाडीचा पासपोर्टच समजा. इराणसारख्या देशात शिरताना त्याच्या पानावर शिक्का, बाहेर पडताना दुसरा शिक्का. तो मिळवायला बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि ती रक्कम गाडीची किंमत आणि वाटेतले देश बघून ठरते. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी तिथंच विकली असं धरून तुमच्याकडून कर वसूल होऊ शकतो. म्हणून कार्नेट कुणी विसरत नाही, ते नसेल तर फाटकच उघडत नाही. पण तेही विमा नव्हे. नेपाळसाठी तर कार्नेट लागतच नाही. कुणी एजंट नेपाळच्या कार्नेटसाठी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

म्हणजे बघा, जो कागद सीमेवर मागतात तो सगळे काढतात. जो कागद सीमेवर कुणी मागत नाही, तोच नेमका अपघात झाल्यावर लागतो.

तो कागद म्हणजे पॉलिसीची क्षेत्रवाढ. आपल्या मोटार विम्यात ही सोय जुनीच आहे. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये ती स्पष्ट लिहिलीय. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांसाठी पॉलिसी वाढवून घेता येते. जादा हप्ता किती? फुल पॉलिसीला सरसकट ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये. आज कंपनीप्रमाणे आकडा थोडा इकडंतिकडं होईल, पण बॅनरच्या खर्चापेक्षा कमीच राहील. पाचशे रुपये वाचले आणि सव्वादोन लाख गेले, वर तडजोडीचे वेगळे.

मी दोन-तीन विमा एजंटांना विचारलं, तुम्ही गिऱ्हाइकाला हे सांगता का? एकजण हसून म्हणाला, "साहेब, कुणी विचारतच नाही." अहो, विचारणार कसं? ज्याला ती सोय आहे हेच माहीत नाही, तो काय विचारणार? पॉलिसी विकताना झिरो डेप घ्या, इंजिन कव्हर घ्या, म्हणून तुम्ही मागं लागता, कारण त्यात हप्ता वाढतो. पाचशे रुपयांच्या क्षेत्रवाढीत तुमचं काही सुटत नाही, म्हणून तोंड बंद. ऑनलाइन पॉलिसी घेणाऱ्याला तर हा पर्याय दिसेलच असं नाही.

काहीजण म्हणतील, हजारो गाड्या जातात, काही होत नाही. बरोबर आहे. हेल्मेट न घालणारे हजार लोकही रोज सुखरूप घरी पोचतात.

तेव्हा निघण्याआधी हे करा. पॉलिसी काढा आणि ती एक ओळ वाचा. फक्त इंडिया लिहिलं असेल तर निदान आठ-दहा दिवस आधी कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या. देशाचं नाव आणि तारखा लिहा. नुसतं फोनवर "हो, होईल" ऐकून निघू नका. एंडोर्समेंटचा छापील कागद हातात घ्या आणि त्यावर नेपाळ हे नाव आहे का ते बघा. हे झाल्यावरही तिथल्या गॅरेजात कॅशलेसची आशा धरू नका. दुर्दैवानं काही घडलंच तर जागेवरूनच कंपनीला कळवा, फोटो काढा आणि तिथल्या पोलिसांचा कागद घेतल्याशिवाय हलू नका.

आणि झेंडा दाखवणाऱ्या नेत्यांना एक विनंती. पुढच्या वेळी नारळ फोडण्याआधी ड्रायव्हरला एवढंच विचारा, "पॉलिसीवर नेपाळ लिहिलंय का?" नसेल तर झेंडा खाली ठेवा. मीही ठरवलंय, तो कागद बघितल्याशिवाय अशा यात्रेची बातमी यापुढं माझ्याकडून जाणार नाही.