कॅम्पस मेल मोबाईलवर दिसत नसेल तर : विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन



'सर, मोबाईलवर कॉलेजचा मेल येत नाही. प्लीज लवकर बघा.' परीक्षा अर्जांच्या दिवसांत विद्यापीठाच्या मदत कक्षाकडे असे संदेश सारखे येतात. यातून तुमची घाई आम्हाला कळते, बिघाड कुठे आहे ते कळत नाही.

म्हणून लिहिण्याआधी एवढे करा : तेच खाते ब्राउझरमध्ये उघडा, मग ते मोबाईलवर असो की ग्रंथालयातल्या संगणकावर. तिथे नवे मेल दिसले, तर तुमची मेलपेटी ठणठणीत आहे आणि अडचण फोनमध्ये आहे. तिथेही नसतील, तर ॲपशी झटापट करू नका. स्पॅम फोल्डर पाहा आणि मेल कुणाकडून यायचा होता ते आम्हाला सांगा.

मध्यंतरी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लिहिले : 'ब्राउझरमध्ये आजचे मेल दिसतात. ॲपमध्ये शेवटचा मेल सोमवारचा आहे. त्याच दिवशी मी पासवर्ड बदलला. फोनबरोबर आलेले मेल ॲप वापरतो.' निदान त्याच्या संदेशातच होते. पासवर्ड बदलला की ॲपला दिलेली जुनी परवानगी बाद होते. काही ॲप तसे ठळक सांगतात. काही नुसती एक सूचना दाखवतात, ती आपण बोटाने बाजूला सारतो, आणि जुने मेल दिसत राहिल्याने सगळे सुरळीत आहे असे वाटते. म्हणून शेवटच्या मेलची तारीख फार मोलाची.

त्याला आम्ही ॲपमधून खाते काढून पुन्हा जोडायला सांगितले. जोडताना 'इतर' हा पर्याय घेऊन पासवर्ड टाइप करायचा नाही. गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट, ज्याची सेवा असेल ते नाव निवडायचे. म्हणजे लॉगिनचे अधिकृत पान उघडते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी जोडणी संस्थांच्या मेलसाठी बंद करायला घेतली, पुढे गूगलनेही तेच केले. त्यामुळे जुने ॲप पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' म्हणत राहते, आणि बिचारा विद्यार्थी पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलत बसतो.

खाते फोनमधून काढल्याने सर्व्हरवरचे मेल जात नाहीत. मात्र आउटबॉक्समध्ये अडकलेला, न गेलेला मेल नाहीसा होऊ शकतो. त्याचा मजकूर आधी उतरवून ठेवा. खाते 'पॉप' पद्धतीने जोडले असेल, तर काही काढण्यापूर्वी आम्हाला विचारा, कारण त्या पद्धतीत मेल फोनमध्ये उतरवून सर्व्हरवरून पुसले गेलेले असू शकतात.

तेव्हा पुढच्या वेळी ब्राउझरमध्ये काय दिसते, शेवटचा मेल कधीचा, त्या सुमारास काय बदलले आणि ॲप कोणते, एवढे लिहा. त्रुटीचा संदेश येत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. पासवर्ड आणि ओटीपी मात्र आम्हालाही पाठवू नका. मदत कक्षातला कुणीही ते मागणार नाही.