एचआयव्हीच्या गोळीनं दिलेली वर्षं बिडी परत घेते

बिद्री : रोज रात्री एक गोळी न चुकता घेणारा आणि दिवसाला बिडीचा एक बंडल संपवणारा चाळिशीतला माणूस धरा. वर्षानं व्हायरल लोडची तपासणी झाली, रक्तात विषाणू सापडला नाही. आता काय काळजी नाही, असं त्याला वाटतं. घोळ इथंच होतो. ती तपासणी फक्त विषाणू मोजते. धूर फुप्फुसाचं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काय करतोय, ते त्या कागदावर येत नाही.

देशात एचआयव्हीचे मोफत औषधोपचार एप्रिल २००४ पासून सुरू झाले. आज कोल्हापूरच्या सीपीआरमधील एआरटी केंद्रातून गोळ्या मिळतात. पूर्वी या आजारानं माणूस काही वर्षांत जायचा, आता गोळी चालू असली तर म्हातारपण बघतो. पण विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह चालूच राहतो. त्यावर धुराचा दाह चढला की हार्ट अटॅक, दमा-धाप आणि फुप्फुसाचा कॅन्सर लवकर गाठतात.

डेन्मार्कमध्ये उपचार मोफत आहेत. तिथं सुमारे तीन हजार एचआयव्ही रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्हीमुळं आयुष्याची साधारण ५ वर्षं गेली, धूम्रपानामुळं मात्र १२. हा आकडा आपल्याकडं जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आपल्याकडं टीबी जास्त आहे. म्हणजे धोका कमी नाही, उलट वेगळा आहे.

टीबीचंच बघा. एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं हे मोठं कारण आहे आणि धूम्रपानानं टीबीचा धोका आणखी वाढतो. केंद्रात प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारतात : खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. बिडी ओढणारा पहिल्याच प्रश्नाला "तो तर बिडीचा खोकला, रोजचाच हाय" म्हणून टाकतो आणि तपासणी राहून जाते. खोकला जुना असला तरी सांगायचाच, थुंकी तपासू द्यायची.

निपाणीचा तंबाखू पट्टा शेजारीच, त्यामुळं बिडी इथं कुणाला व्यसन वाटतच नाही. काही जण बिडी सोडून मळलेली तंबाखू धरतात. फुप्फुस सुटतं, पण तोंडाच्या कॅन्सरची वाट उघडते.

सोडल्यावर हार्ट अटॅकचा धोका वर्षागणिक उतरतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र बरीच वर्षं रेंगाळतो, म्हणून पन्नाशीची वाट बघण्यात तोटाच. पहिले काही दिवस चिडचिड आणि झोपमोड होते, ती गोळीमुळं नसते. तेव्हा एआरटीची गोळी थांबवू नये. तंबाखूच्या पुड्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथं बोलताना एचआयव्हीचा विषय काढण्याची गरज नाही. निकोटिनचं च्युइंगम किंवा दुसरं औषध घ्यायचं झालं तर मात्र आधी एआरटीच्या डॉक्टरांना विचारावं.