कीर्ती नसलेल्या कंठाचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची संमतीवाचून होणारी यांत्रिक नक्कल रोखली. न्याय झाला खरा. परंतु त्याचा आधार त्यांची कीर्ती हाच होता! २०२१ साली ‘पुष्पा’ हिंदीत बोलला तो श्रेयस तळपदे यांच्या कंठाने, हे आम्हां रायपूरकरांसही ठाऊक आहे. इतर डबिंग कलावंतांची नावे कितीजण सांगतील? त्यांनी कीर्ती सिद्ध करावी कशी? कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ सादरीकरणास जपते, कंठाच्या पोतास नव्हे. एका दिवसाच्या मेहनतान्यात नकलेचाही कायमचा हक्क लिहून घेणे, ही का संमती? नकलेस वेगळी संमती आणि प्रत्येक वापरास वेगळे मानधन, एवढे तरी कायद्याने दिलेच पाहिजे.