विश्लेषण : एक्स-रेमध्ये ‘डाग’ दिसला म्हणजे नेमके काय?

छातीच्या एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो आता रुग्णाच्या आधी नातेवाइकांपर्यंत पोहोचतो. फोटोत पांढरट काही दिसले की ‘फुप्फुसावर डाग आहे’ असा निष्कर्ष घरीच निघतो. त्या फोटोतून सामान्य माणसाला काय कळू शकते आणि काय अजिबात कळू शकत नाही, याचा आढावा.

नेमके काय घडते?

एक उदाहरण घेऊ. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतील कारखान्यात काम करणारा, बदलापूरला राहणारा ४६ वर्षांचा कामगार. तीन आठवडे खोकला जात नाही, म्हणून फॅमिली डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. उल्हासनगरच्या एका केंद्रात तो काढला जातो. संध्याकाळी बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्याच तो फिल्म डब्यातल्या दिव्यासमोर धरतो, फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. सोबत रिपोर्टचाही फोटो असतो : ‘राइट अपर झोनमध्ये इनहोमोजिनियस ओपॅसिटी, फायब्रोटिक चेंजेस. क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.’ गाडी बदलापूरला पोहोचेपर्यंत ग्रुपवर टीबीपासून कॅन्सरपर्यंत सगळे निदान झालेले असते. हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असा फोटो पाहिला नाही असे घर या पट्ट्यात विरळाच.

एक्स-रेमध्ये काळे-पांढरे काय असते?

एक्स-रे ही सावली आहे. किरण छातीतून आरपार जातात आणि वाटेत जे काही असेल त्याची सावली पलीकडे पडते. हवेतून किरण सहज जातात, म्हणून हवेने भरलेली फुप्फुसे काळी दिसतात. हाड किरण अडवते, म्हणून बरगड्या पांढऱ्या दिसतात. रक्त, पाणी, स्नायू आणि हृदय या दोहोंच्या मध्ये, राखाडी-पांढरे. जिथे हवा असायला हवी तिथे पाणी, पू, सूज, गाठ किंवा जुना व्रण असेल, तर ती जागा पांढरट होते. ‘ओपॅसिटी’ या शब्दाचा अर्थ एवढाच. ते सावलीचे वर्णन आहे, आजाराचे नाव नाही. बोलीतला ‘डाग’ हा शब्द मात्र वर्णन आणि आजार यांतला फरकच पुसून टाकतो आणि भीतीची सुरुवात तिथूनच होते.

शिवाय ही सावली सपाट असते. छातीच्या पुढची, मधली आणि पाठीमागची प्रत्येक गोष्ट एकाच चित्रात एकमेकींवर पडलेली असते. त्यामुळे फुप्फुसाबाहेरची वस्तूही फुप्फुसात असल्यासारखी भासते. खांद्यावर आलेली केसांची वेणी फुप्फुसाच्या वरच्या भागात डागासारखी दिसते, हे रेडिओलॉजिस्ट नेहमी पाहतात. गळ्यातला ताईत, मंगळसूत्र, शर्टाचे बटण आणि स्तनाग्राची गोल सावली यांचेही तसेच. एक्स-रेआधी दागिने काढायला आणि केस वर बांधायला सांगतात ते यासाठीच.

सामान्य माणसाने काय तपासावे?

निदान करता येत नसले, तरी फिल्म विश्वासार्ह आहे की नाही हे बऱ्याच अंशी तपासता येते. सर्वात आधी नाव, वय आणि तारीख. गर्दीच्या केंद्रात पाकिटांची अदलाबदल होऊ शकते. त्यानंतर बाजू. फिल्मच्या कोपऱ्यात `R` किंवा `L` असे अक्षर असते. एक्स-रे पाहताना रुग्ण समोर तोंड करून उभा आहे असे धरायचे, म्हणजे त्याची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. हृदयाचा फुगीर भाग पाहणाऱ्याच्या उजवीकडे दिसायला हवा. फिल्म उलटी धरून फोटो काढला, तर उजवे-डावे बदलते. अशा वेळी कोपऱ्यातले अक्षरही आरशातल्यासारखे उलटे दिसते. ती सर्वात सोपी खूण.

तिसरी गोष्ट म्हणजे श्वास. पूर्ण श्वास घेऊन रोखला असेल, तर श्वासपटलाच्या वर पुढच्या बाजूच्या पाच ते सहा बरगड्या मोजता येतात. त्याहून कमी दिसल्या, तर श्वास अर्धवट होता. मग फुप्फुसांचा खालचा भाग उगाच पांढरट आणि हृदय मोठे दिसते. चौथी गोष्ट, फिल्म कशी काढली. `PA` म्हणजे किरण पाठीकडून पुढे, `AP` म्हणजे पुढून पाठीकडे. उभे राहता न येणाऱ्या रुग्णाची फिल्म बहुधा खाटेवर, पुढून काढतात. तिच्यात हृदय पडद्यापासून दूर राहते आणि त्याची सावली मोठी पडते. अशा फिल्मवरून ‘हार्ट वाढलंय’ म्हणून घाबरण्यात अर्थ नसतो.

उदाहरणातल्या कामगाराची फिल्म या चारही कसोट्यांवर ठीक आहे, असे मानू. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला पांढरटपणा खराच आहे. मग पुढे काय?

मोबाइलमधला फोटो का पुरत नाही?

डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलमध्ये राखाडी रंगाच्या हजारो छटा असतात. रेडिओलॉजिस्ट खास पडद्यावर उजेड कमी-जास्त करून हृदयामागचा, हाडांमागचा भाग पाहतो. मोबाइलच्या फोटोत या छटा जास्तीत जास्त २५६ उरतात. त्यावर दिव्याची चमक, बोटांची सावली, फिल्मचे वाकणे आणि मेसेजिंग ॲपने फाइल लहान करताना गाळलेले बारकावे. त्यामुळे फोटोत एखादी छोटी गाठ नाहीशी होते आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब डाग बनते. दुसऱ्या डॉक्टरचे मत हवे असेल, तर केंद्राकडून मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी आणि ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

हा डाग टीबीचा आहे का?

याचे उत्तर त्या फिल्ममध्ये नाही. फुप्फुसाचा वरचा भाग ही टीबीची आवडती जागा, हे खरे. पण टीबी बरा झाल्यावर त्याच जागी व्रण उरतो आणि तो आयुष्यभर एक्स-रेमध्ये दिसत राहतो. निमोनिया, गाठ किंवा दगडाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केल्याने होणारा सिलिकोसिस यांच्या सावल्याही तिथे पडतात. एका फिल्मवरून जुना व्रण आणि चालू आजार यांत खात्रीने फरक करणे अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही जमत नाही. म्हणून तो ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहितो. अनेकांना ती टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात रिपोर्टमधले ते सर्वात प्रामाणिक वाक्य असते : सावली दिसते आहे, अर्थ रुग्णाला तपासूनच लागेल.

अर्थ लावण्याची पहिली किल्ली म्हणजे जुनी फिल्म. समजा, या कामगाराला बारा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, त्याने औषधांचा कोर्स पूर्ण केला होता आणि तेव्हाची शेवटची फिल्म ट्रंकेत सापडली. तिच्यात तोच डाग, त्याच जागी, त्याच आकाराचा असेल, तर तो व्रण असण्याची शक्यता फार वाढते. डाग नवा असेल किंवा पसरला असेल, तर चित्र वेगळे. पण दोन्ही स्थितींत तीन आठवड्यांचा खोकला शिल्लक राहतोच. म्हणून दुसरी किल्ली, बेडक्याची तपासणी. इथे तोंडातली लाळ चालत नाही. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो आणि सकाळचा नमुना उत्तम. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जवळच्या ठिकाणी चौकशी करता येते. सीबीनॅट किंवा भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रांवर जंतूचा अंश काही तासांत सापडतो आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला तो दाद देईल का, हेही कळते.

यात एक मेख आहे. ज्याला पूर्वी टीबी होऊन गेला, त्याच्या बेडक्यात मेलेल्या जंतूंचे अवशेष राहू शकतात आणि यंत्र त्यांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणू शकते. अशा वेळी जंतू जिवंत आहेत का, हे कल्चरवरून ठरवतात आणि त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. म्हणूनच ‘पूर्वी टीबी झाला होता’ हे डॉक्टरांपासून लपवणे महागात पडते. लग्नकार्यात अडचण नको म्हणून कित्येक घरांत ते लपवले जाते. त्याची किंमत चुकीच्या उपचारांनी मोजावी लागते.

एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तर निश्चिंत व्हावे का?

नाही. दमा असलेल्यांचा एक्स-रे बहुधा नॉर्मलच असतो. निमोनियाच्या सुरुवातीला फिल्म स्वच्छ असू शकते, आणि रुग्ण बरा झाल्यावरही सावली कित्येक आठवडे रेंगाळते. फुप्फुसाभोवती साधारण २०० मिलिलिटर पाणी साठेपर्यंत उभ्या फिल्ममध्ये ते दिसेलच असे नाही. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सहज निसटते. हृदयविकाराचा झटका तर एक्स-रेमध्ये दिसतच नाही. त्यामुळे बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून रक्त येणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, ओठ निळसर होणे किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली राहणे, यांपैकी काही असेल तर फोटो फिरवत बसू नये, रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

मग बदल कुठे हवा?

दोष काळजी करणाऱ्या नातेवाइकांचा नाही. दोन ओळींचा इंग्रजी रिपोर्ट हातात ठेवून रुग्णाला निरोप दिला, तर तो अर्थ ग्रुपवरच शोधणार. एक्स-रे केंद्राने रुग्णाला ‘जुनी फिल्म आहे का’ एवढे विचारले आणि रिपोर्टमध्ये तुलनेची एक ओळ लिहिली, तरी निम्मा गोंधळ मिटेल. डॉक्टरांनीही केवळ सावली पाहून टीबीची सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याआधी बेडका तपासायला पाठवले पाहिजे. अपवाद असतात, पण अपवाद असल्याचे कारण रुग्णाला कळायला हवे.

कुटुंबाने फिल्म घेऊन डॉक्टरांसमोर बसावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. ही सावली जुनी की नवी? ती कशाची आहे हे कोणत्या तपासणीने ठरेल? आणि पुन्हा फिल्म कधी काढायची? या उत्तरांची नोंद पाकिटावरच तारखेसह करावी आणि फिल्म जपून ठेवावी. एक्स-रेची फिल्म ओल्या भिंतीलगत ठेवली की चिकटते. उल्हास नदीच्या पुराचे पाणी ज्या बदलापूरकरांच्या घरात शिरले आहे, त्यांनी ती पोटमाळ्यावर ठेवलेली बरी. बारा वर्षांनी पुन्हा ‘डाग’ दिसेल, तेव्हा ग्रुपवरच्या पन्नास मतांपेक्षा ती एक जुनी फिल्म अधिक कामाची ठरेल.