‘सेंट’ फोल्डर कोणी ठरवायचा?

फोनवरून पाठवलेला मेल लॅपटॉपवर दिसत नाही, अशी तक्रार आली की आपल्यापैकी बहुतेक जण आधी अकाउंट POP वर आहे का ते पाहतात. POP असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. पण अनेकदा अकाउंट IMAP वरच असतं, इनबॉक्स दोन्हीकडे जुळतो, फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवरही वाचलेला दिसतो, आणि तरी पाठवलेले मेल मात्र एकाच ठिकाणी राहतात. मग अकाउंट काढून पुन्हा टाकलं जातं. आमच्या मते हा उपाय चुकीचा तर आहेच, शिवाय धोक्याचाही आहे. पाठवलेल्या मेलची प्रत फक्त फोनमध्ये साठत असेल, तर अकाउंट काढताना तीही जाऊ शकते. सर्व्हरवर ती नसतेच, त्यामुळे परत आणायला काही उरत नाही.

मुळात मेल पाठवणं हे IMAP चं काम नाही. मेल बाहेर जातो SMTP ने, म्हणजे 465 किंवा 587 पोर्टवरून, आणि साध्या मेल सर्व्हरचा SMTP तो पुढे ढकलून मोकळा होतो. ‘सेंट’मधली प्रत मेल ॲप स्वतः ठेवतं. ते 993 वरच्या वेगळ्या IMAP जोडणीतून `APPEND` आज्ञा देऊन तोच मेल दुसऱ्यांदा सर्व्हरवर चढवतं. एका पाठवणीत अशी दोन कामं असतात आणि त्यातलं एक यशस्वी होऊन दुसरं फसू शकतं. दहा एमबीची फाइल जोडली असेल तर एन्कोडिंगमुळे ती साडेतेरा एमबीच्या पुढे जाते आणि तेवढा डेटा दोनदा चढतो. दुसऱ्या फेरीत नेटवर्क तुटलं किंवा मेलबॉक्सचा कोटा भरला, तर मेल पोहोचतो पण प्रत राहत नाही. एरर पाहून ग्राहक तोच मेल पुन्हा पाठवतो आणि समोरच्याला दोन मिळतात. ग्राहकाला हे नीट समजावून सांगायला हवं.

नेहमी आढळणारं कारण मात्र याहून साधं आहे: प्रत ठेवली जाते, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयाचं उदाहरण घेऊ. मेल शेअर्ड होस्टिंगवर, लॅपटॉपवर थंडरबर्ड, हातात आयफोन. थंडरबर्ड प्रत `Sent` मध्ये टाकतो, फोन `Sent Messages` मध्ये. पूर्वी आउटलुक वापरलं असेल तर `Sent Items` ही शिल्लक असतो. अशा वेळी सेटिंगला हात लावण्याआधी वेबमेल उघडावं, कारण तिथे सर्व्हरवर खरोखर काय आहे ते दिसतं. फोनवरून गेलेला मेल तिथे दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये सापडला तर गोंधळ नावाचा आहे. कुठेच सापडला नाही तर प्रत फोनमध्येच साठते आहे किंवा चढवताना फसते आहे. सर्व्हर कोणत्या फोल्डरला ‘सेंट’ मानतो, हे 993 वर लॉगिन करून थेट विचारता येतं:

```
a2 LIST "" "*" RETURN (SPECIAL-USE)
```

उत्तरात ज्या फोल्डरपुढे `\Sent` खूण आहे, तोच सगळ्या उपकरणांवर निवडायचा. आयफोनवर अकाउंटच्या Advanced मध्ये Sent Mailbox असतो. तिथे On My iPhone खालचा नव्हे, सर्व्हरखालचा फोल्डर घ्यायचा. थंडरबर्डमध्ये ही निवड Copies & Folders मध्ये आहे.

यावर कोणी म्हणेल, ही खूण 2011 च्या RFC 6154 पासून प्रमाणित आहे, मग ॲपने ती वाचून आपोआप जुळवून घ्यायला हवं. नवं अकाउंट टाकताना चांगली ॲप ते करतातही. पण सर्व्हरने खूण दिलीच नसेल तर ॲप नावावरून अंदाज बांधतं, आणि जुन्या अकाउंटमध्ये एकदा नोंदलेला फोल्डर बहुधा तसाच राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत सर्व्हरनेच का ठेवू नये? जीमेल तसं करतंच. त्याच्या SMTP मधून गेलेला मेल आपोआप ‘सेंट’मध्ये येतो. आपल्या सर्व्हरवर ही सोय असेल तर जरूर वापरावी, मात्र मग प्रत्येक ॲपमधलं प्रत ठेवणं बंद करावं लागतं, नाहीतर प्रत्येक मेल दोनदा दिसू लागतो. काही जण स्वतःलाच BCC लावायला सांगतात. त्याने प्रत मिळते, पण ती इनबॉक्समध्ये येऊन पडते आणि ‘सेंट’ फोल्डर अपुराच राहतो.

म्हणून अकाउंट जोडून इनबॉक्स दिसला, एवढ्यावर काम संपलं असं आपण मानू नये. दोन्ही उपकरणांवरून एकेक चाचणी मेल पाठवावा, एक साधा आणि एक मोठी फाइल जोडलेला, आणि दोन्ही प्रती वेबमेलच्या एकाच फोल्डरमध्ये आल्या का ते पाहावं. जुने विखुरलेले मेल आधी योग्य फोल्डरमध्ये कॉपी करावेत, संख्या जुळल्याची खात्री वेबमेलवर करावी, आणि त्यानंतरच `Sent Messages` सारखे जादा फोल्डर काढावेत.