नाव नोंदलेले नाही, म्हणून ते बेवारस नाही

काही महिन्यांपूर्वी एका जुन्या रुग्णाने तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "डॉक्टर, या वेळी तेलाला वास वेगळा का? अंगावर पुरळही उठले." बाटली आमची नव्हती. आमच्या फार्मसीत वडिलांच्या काळापासून तयार होणाऱ्या तेलाचे नाव 'मयूरवेल'. त्या बाटलीवर होते 'मयूरवेली'. खोका तोच पिवळा आणि मोरही त्याच कोपऱ्यात! आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठविली. व्यापाऱ्याचे उत्तर आले की, तुमचे नाव नोंदणीकृत नाही आणि आमच्याकडे औषध प्रशासनाचा परवाना आहे.

हे उत्तर आपल्यापैकी अनेकांना बिनतोड वाटेल. मलाही क्षणभर वाटले. वस्तुतः त्यातील दोन्ही मुद्दे फोल आहेत. औषध प्रशासनाचा परवाना उत्पादनासाठी असतो, त्याने नावाची मालकी मिळत नाही. आणि ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २७ मध्ये एकीकडे नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा करता येत नाही असे म्हटले असले, तरी त्याच कलमात 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्धचा हक्क अबाधित ठेवलेला आहे. हा हक्क नोंदणीतून नव्हे, तर वापरातून आणि त्या वापराने मिळालेल्या नावलौकिकातून येतो.

न्यायालयासमोर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या नावाला ग्राहकांत लौकिक आहे, प्रतिवादीच्या नावाने अगर वेष्टनाने ग्राहकाची फसगत होण्याचा संभव आहे, आणि त्यामुळे आपले नुकसान झाले किंवा होण्याजोगे आहे. प्रतिवादीचा कपटी हेतू सिद्ध करावाच लागतो असे नाही.

औषधांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स हा निकाल प्रत्येक फार्मसीचालकाने वाचावा. 'फॅल्सिगो' आणि 'फॅल्सिटॅब' ही दोन्ही औषधे मलेरियावरील, पण त्यांतील द्रव्ये वेगळी. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, तेव्हा गोंधळ कसला, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. डॉक्टर आणि औषधविक्रेतेही चुकू शकतात आणि औषधातील चूक जिवावर बेतते, म्हणून येथे सादृश्याची कसोटी अधिक कडक हवी, असे न्यायालयाने म्हटले. मनाईहुकूम मात्र स्वतः दिला नाही. या निकषांवर दावा निकाली काढण्यास खालच्या न्यायालयास सांगितले. आपली तेले आणि चूर्णे तर बहुतांशी चिठ्ठीविनाच विकली जातात. गिऱ्हाईक खोक्याचा रंग पाहून बाटली उचलते.

आमची खरी अडचण पुढे आली. लौकिक दाखवायचा तो कागदांनी, आणि आमच्या वर्षानुवर्षांच्या बिलांवर लिहिलेले होते केवळ 'तेल, १०० मिली'. नावाचा पत्ताच नाही! हाताने बिले लिहिणाऱ्या आमच्या पिढीची ही सवय आम्हाला फार महागात पडली असती. तारले ते छापखान्याच्या बिलांनी. त्यांवर 'मयूरवेल लेबले' असा स्पष्ट उल्लेख, नग आणि तारीख होती. त्यांच्या जोडीला मंजूर उत्पादनांच्या यादीची जुनी प्रत आणि दोन दुकानदारांची नाव घालून आलेली मागणीपत्रे मिळाली. रुग्णाची ती बाटली आम्ही खरेदीच्या पावतीसह जपून ठेवली. हे सारे जोडून दुसरी नोटीस गेली, तेव्हा त्या व्यापाऱ्याने नाव बदलण्याचे आणि दुकानांतील माल परत घेण्याचे लेखी कबूल केले.

तसे झाले नसते, तर जिल्हा न्यायालयात दावा लावावा लागला असता. त्याहून खालच्या न्यायालयात तो चालत नाही. नोंदणीकृत चिन्हाचा मालक आपण राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेही दावा लावू शकतो. पासिंग ऑफमध्ये ही सवलत नाही. प्रतिवादी जेथे आहे किंवा जेथे तो माल विकला गेला, तेथेच जावे लागते. म्हणून तो माल आपल्या गावात विकला गेल्याची पावती मोलाची. आणि प्रथम आढळल्यावर वर्षभर गप्प बसलात, तर तात्पुरता मनाईहुकूम मागताना तेच मौन तुमच्याविरुद्ध मांडले जाईल.

आपल्या काही सभासदांना मात्र निराश करावे लागेल. 'त्रिफळा', 'महानारायण तेल' ही ग्रंथोक्त नावे सर्वांची आहेत. 'वातशामक तेल' हे तर नुसते वर्णन. अशा नावांवर कोणी एकट्याने हक्क सांगणे मला न्याय्य वाटत नाही आणि न्यायालयातही तो सहसा टिकत नाही. तेथे फार तर खोक्याच्या एकूण मांडणीची नक्कल रोखता येईल.

ज्यांचे तेल दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होते, त्यांनी नाव कोणाचे हे करारात आधीच लिहून घ्यावे. लेबलावर केवळ कारखान्याचाच पत्ता असेल, तर लौकिक त्याचा की आपला, हा वाद ओढवतो. आमच्या बिलांवर आता प्रत्येक औषधाचे पूर्ण नाव येते. पाचव्या वर्गात नोंदणीचा अर्जही केला आहे आणि त्यात वापराची सुरुवात म्हणून छापखान्याच्या सर्वांत जुन्या बिलाची तारीख दिली आहे.